वनस्पतीपेशीचे जलविभव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरांत हा विषय तीन भाषांत शिकला जातो. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि शिकवणीला जे सोपे पडेल ते. त्यामुळे गणित येत असूनही शब्दांपाशी अडखळणारे विद्यार्थी पुष्कळ. अकरावी-बारावीची आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुले, तसेच त्यांना घरी शिकवणारे आई-बाबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. बहुतेक उत्तरांत एकच पेशी वापरली आहे. तापमान २७ अंश सेल्सियस, द्राव्य विभव −०.८० मेगापास्कल, दाब विभव +०.३० मेगापास्कल. हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवा.

शाळेच्या पुस्तकात "विलेय विभव" आहे, मराठी पुस्तकात "द्राव्य विभव". दोन्ही एकच का?

एकच. हिंदीत विरघळणाऱ्या पदार्थाला विलेय म्हणतात, मराठीत द्राव्य. हिंदीतले विलयन म्हणजे मराठीतले द्रावण. जल विभव आणि दाब विभव हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. चिन्हे तर सगळीकडे तीच: जलविभव Ψw, द्राव्य विभव Ψs, दाब विभव Ψp. Ψ हे ग्रीक अक्षर "साय" असे वाचतात. काही पुस्तकांत Ψs च्या जागी Ψπ दिसते आणि तिथे त्याला परासरण विभव म्हटलेले असते. गणितात त्याने काही बदलत नाही.

जलविभव म्हणजे नक्की काय? ते बहुतेक वेळा ऋण का असते?

पाण्यापाशी हालचाल करण्याजोगी ऊर्जा किती आहे, याचे हे माप आहे. ही ऊर्जा पाण्याच्या एकक आकारमानामागे मोजली की तिचे एकक दाबाचेच होते, म्हणून उत्तर मेगापास्कलमध्ये येते. जुन्या पुस्तकांत बार असतो. १ मेगापास्कल म्हणजे १० बार.

उघड्या भांड्यातल्या शुद्ध पाण्याचे जलविभव शून्य धरायचे, असे ठरलेले आहे. त्यात साखर किंवा मीठ विरघळले की पाण्याची मोकळी ऊर्जा घटते. शून्यातून घटले तर उरणार ऋणच. त्यामुळे द्राव्य विभव कधीच धन नसते. काहीच विरघळलेले नसेल तर ते शून्य असते आणि त्याहून वर जात नाही. उत्तरात Ψs धन आला तर चिन्ह नक्की चुकलेले आहे, पुढचे गणित तपासण्यात वेळ घालवू नका.

पाणी जास्त जलविभवाकडून कमी जलविभवाकडे जाते. इथे ऋण संख्यांची गफलत होते. −०.५० हे −१.०० पेक्षा जास्त आहे. शंका आली तर संख्यारेषा काढा: पाणी नेहमी उजवीकडून डावीकडे, शून्यापासून दूर सरकते.

मग दाब विभव कुठून येते?

पेशीभित्तिकेच्या ताणातून. पाणी आत शिरले की जीवद्रव्य फुगते आणि भिंतीला आतून रेटते. भिंत ताणली जाते आणि तेवढ्याच जोराने उलट दाबते. हा दाब आतल्या पाण्याची ऊर्जा वाढवतो, म्हणून त्याचे चिन्ह धन. यावरून मूळ समीकरण येते:

Ψw = Ψs + Ψp

आपल्या पेशीसाठी −०.८० + ०.३० = −०.५० मेगापास्कल.

०.३० हा आकडा दिसायला किरकोळ आहे, पण मोटारीच्या चाकात हवा साधारण ०.२२ मेगापास्कल दाबाने भरतात. पालकाच्या ताठ पानातली एकेक पेशी त्याहून जास्त दाब सहज पेलते. पान कोमेजते ते हा दाब शून्याजवळ आल्यावर. पालकाची जुडी पाण्यात ठेवली की तासाभरात पुन्हा ताठ होते. पेशीतल्या क्षारांची आणि शर्करेची भर त्यात पडलेली नसते. वाढलेला असतो तो दाब.

Ψs = −iCRT मध्ये R कोणता घ्यायचा? माझे उत्तर दर वेळी भलतेच मोठे येते.

उत्तर मेगापास्कलमध्ये हवे आणि C मोल प्रति लिटर असेल, तर R = ०.००८३१ घ्या. बारमध्ये हवे तर ०.०८३१. तुम्ही बहुधा ८.३१ घेत असणार. त्याने उत्तर किलोपास्कलमध्ये येते, म्हणजे हजारपट मोठा आकडा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे T मध्ये थेट सेल्सियस घालणे. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. या तापमानाला RT = ०.००८३१ × ३०० = २.४९. हा आकडा लक्षात ठेवला की दर वेळी गुणाकार नको, मोलर संहतीला २.४९ ने गुणा आणि पुढे ऋण चिन्ह लावा. ०.१ मोलर साखरेचे Ψs सुमारे −०.२५, ०.२ मोलरचे −०.५०, ०.४ मोलरचे −१.०० मेगापास्कल. i म्हणजे विरघळल्यावर एका रेणूचे किती कण होतात ती संख्या. साखरेचा रेणू पाण्यात तुटत नाही, म्हणून तिच्यासाठी i = १.

तापमानाचा परिणाम किती? इंदूरच्या थंडीत सकाळी प्रयोगशाळेत १० अंश आणि मेच्या दुपारी ४० अंश धरले, तर ०.२ मोलर साखरेचे Ψs −०.४७ वरून −०.५२ होते. फरक दहा टक्क्यांचा आहे, म्हणून वहीत तापमान लिहिलेच पाहिजे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा.

आपलीच पेशी घेऊ. Ψs = −०.८०, Ψp = +०.३०, म्हणून Ψw = −०.५०. पेशीतला रस सुमारे ०.३२ मोलर साखरेइतका आहे, कारण ०.३२ × २.४९ = ०.८०. भिंत किती ताठर आहे हेही ठरवावे लागेल. समजा पेशीचे आकारमान १ टक्क्याने वाढले की आतला दाब ०.०५ मेगापास्कलने वाढतो आणि १ टक्क्याने घटले की तेवढाच कमी होतो. शास्त्रीय भाषेत हा ५ मेगापास्कलचा लवचीकता गुणांक झाला. खऱ्या पेशींत तो साधारण १ ते २० च्या दरम्यान असतो आणि दाबाबरोबर बदलतो. आपण तो स्थिर धरू.

ही पेशी आता चार वेगवेगळ्या चंचुपात्रांत टाकू. पात्रातले द्रावण पेशीच्या मानाने इतके जास्त आहे, की त्याचे विभव बदलत नाही. पात्र उघडे असल्याने द्रावणाचा Ψp शून्य, म्हणून तिथे Ψw = Ψs.

पहिले पात्र, ०.२ मोलर साखर. बाहेर −०.५०, आत −०.५०. पाण्याची ये-जा चालू राहते, पण एकूण फरक शून्य. पेशी होती तशीच राहते. बाहेर ०.२ मोलर आणि आत ०.३२ मोलर असूनही पाणी आत का शिरत नाही, हे इथे थांबून स्वतःला विचारा. द्राव्यामुळे आत जी ओढ आहे, तिच्यातले ०.३० भिंतीच्या दाबाने फेडले आहे.

दुसरे पात्र, ०.१ मोलर साखर. बाहेर −०.२५, आत −०.५०. पाणी आत शिरते. पेशी फुगते, दाब वाढतो आणि त्याच वेळी रस थोडा पातळ होतो. आकारमान ४.३ टक्क्यांनी वाढल्यावर काय होते ते पाहा. दाब ०.३० + ४.३ × ०.०५ = ०.५१५. रस पातळ झाल्याने Ψs = −०.८० ÷ १.०४३ = −०.७६७. बेरीज −०.२५२, म्हणजे बाहेरच्या विभवाला जवळजवळ येऊन ठेपली. समतोल इथेच.

तिसरे पात्र, शुद्ध पाणी. बाहेर शून्य. समतोल येईल तो Ψw शून्य झाल्यावर, म्हणजे दाब आणि द्राव्याची ओढ एकमेकांना पूर्ण फेडतील तेव्हा. ८.७ टक्के वाढीला दाब ०.३० + ०.४३५ = ०.७३५ आणि Ψs = −०.८० ÷ १.०८७ = −०.७३६. जुळले. पेशी पूर्ण ताठ आहे, तिचे Ψw शून्य आहे, पण Ψs शून्य झालेले नाही. "पूर्ण ताठ पेशीत सगळेच शून्य" असे लिहिणारे बरेच असतात, ते चूक.

चौथे पात्र, ०.४ मोलर साखर. बाहेर −१.००. पाणी बाहेर पडते, पेशी आक्रसते. दाब ०.३० होता आणि दर टक्क्याला ०.०५ कमी होतो, म्हणजे ६ टक्के आक्रसल्यावर तो शून्य. त्या क्षणी रस दाट होऊन Ψs = −०.८० ÷ ०.९४ = −०.८५ झालेला असतो. बाहेर अजून −१.०० आहे, म्हणून पाणी जातच राहते. पण भिंत आता ताणलेली नाही आणि ती आणखी आत येत नाही. जीवद्रव्य भिंतीपासून सुटू लागते. हेच रससंकोचन. जीवद्रव्याचे आकारमान सुरुवातीच्या ८० टक्क्यांवर आले की Ψs = −०.८० ÷ ०.८० = −१.०० होते आणि पाणी थांबते. समतोलाला Ψs = −१.००, Ψp = ०.

भिंत आणि सुटलेले जीवद्रव्य यांच्या मधल्या जागेत काय असते?

बाहेरचे साखरेचे द्रावण. पेशीभित्तिका साखरेला अडवत नाही, अडवते ते पेशीपटल. त्या जागेत हवा किंवा पोकळी नसते.

आमच्या गाइडमध्ये शुद्ध पाण्यातले उत्तर Ψp = +०.८० दिले आहे. तुम्ही ०.७४ म्हणता. परीक्षेत काय लिहू?

प्रश्नात "पेशीच्या आकारमानातला बदल नगण्य माना" असे असेल, किंवा भिंतीबद्दल काहीच दिले नसेल, तर ०.८० लिहा. Ψs बदलत नाही असे धरले की Ψp = ० − (−०.८०) = ०.८० हेच उत्तर येते. ते सोपे रूप आहे आणि भिंत ताठर असेल तर खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते. आपल्या मऊशा भिंतीलाही फरक ०.०६ चाच आहे. उत्तराशेजारी "Ψs स्थिर मानून" एवढे तीन शब्द लिहिले की तपासणाऱ्याला कळते, की काय गृहीत धरले आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच पद्धतीने ०.४ मोलरला Ψp = −१.०० + ०.८० = −०.२० आले. बरोबर ना?

नाही. ही चूक वरच्यासारखी चालवून घेण्याजोगी नाही. पाण्यात ठेवलेल्या जिवंत पेशीचे पटल भिंतीला चिकटवलेले नसते. दाब शून्य झाला की ते सुटते आणि मागे सरकते. रबरी फुगा बाटलीच्या आत फुगवला तर तो बाटलीला आतून रेटू शकतो, पण आक्रसताना बाटलीला आत ओढू शकत नाही. तसेच हे.

म्हणून नियम असा: सोप्या पद्धतीने Ψp ऋण आले, तर तिथेच थांबा. Ψp = ० लिहा आणि Ψs = बाहेरचे Ψw लिहा. शेजारी "रससंकोचित" असे नोंदवा. परीक्षकाला नेमके हेच पाहायचे असते, म्हणून मुद्दाम दाट द्रावण देतात.

ऋण दाब वनस्पतीत असतो, पण तो प्रकाष्ठाच्या मृत नलिकांत. तिथे पटल नाही, पाण्याचा अखंड स्तंभ वरून ओढला जातो आणि लाकडी भिंत आत चेपत नाही. तिथले Ψp −१ मेगापास्कलच्याही खाली जाते. तो आकडा परासरणाच्या गणितात आणू नका.

दोन पेशी शेजारी आहेत. जिच्यात द्राव्य जास्त तिच्याकडेच पाणी जाणार ना?

द्राव्यावरून ठरवू नका. अ पेशीचे Ψs = −१.०, Ψp = ०.६. ब पेशीचे Ψs = −०.८, Ψp = ०.१. बेरजा करा: अ = −०.४, ब = −०.७. पाणी अ कडून ब कडे जाईल, जरी द्राव्य अ मध्ये जास्त असले तरी. अ आधीच फुगलेली आहे आणि तिची भिंत पाण्याला बाहेर रेटते आहे. "पाणी दाट द्रावणाकडे जाते" हे आठवीतले वाक्य दोन्ही बाजूंचा दाब सारखा असेल तेव्हाच खरे ठरते. पेशींमध्ये तसे क्वचितच असते.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, मग Ψp मध्ये काही वजा करायचे का?

प्रश्न चांगला आहे, उत्तर नाही असे आहे. इथे हवेचा दाब सुमारे ०.०९५ मेगापास्कल आहे, समुद्रकाठी ०.१०१. पण Ψp हवेच्या दाबापेक्षा किती जास्त, असाच मोजतात. हवा पेशीलाही दाबते आणि पात्रातल्या द्रावणालाही, म्हणून ती दोन्ही बाजूंनी कटते. उंचीमुळे पाण्याच्या स्तंभाला दर मीटरला ०.०१ मेगापास्कल मोजावे लागते खरे, पण ते जमिनीपासून झाडाच्या शेंड्यापर्यंतच्या हिशेबात. एका पेशीत त्याला अर्थ नाही.

बटाट्याच्या तुकड्यांवरून Ψw कसे काढायचे? सगळ्या पायऱ्या सांगा.

कल्पना वरच्या पहिल्या पात्राचीच आहे. ज्या द्रावणात तुकड्याचे वजन बदलत नाही, त्या द्रावणाचे Ψs म्हणजे ऊतीचे Ψw.

आधी १ मोलर साखरेचा साठा करा. ३४.२ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग मोजपात्रात पाणी घालत एकूण आकारमान १०० मिलिलिटरवर आणा. १०० मिलिलिटर पाणी मोजून त्यात साखर ओतू नका. साखर स्वतः सुमारे २१ मिलिलिटर जागा घेते, त्यामुळे द्रावण ०.८३ मोलरच्या आसपास भरते आणि पुढचे सगळे आकडे घसरतात. वर्गात सर्वांत जास्त होणारी चूक हीच. साठ्यातून ०.१, ०.२, ०.३, ०.४ आणि ०.५ मोलर द्रावणे प्रत्येकी ५० मिलिलिटर करा. ०.२ साठी साठा १० मिलिलिटर घ्या आणि पाणी घालून एकूण ५० मिलिलिटर करा, याप्रमाणे. एका पात्रात नुसते पाणी ठेवा. ऊर्ध्वपातित पाणी नसेल तर नळाचे चालेल. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असले तरी त्याचे विभव −०.०२ च्या आसपासच असते.

कॉर्क बोररने एकाच बटाट्यातून दंडगोल काढा. साल ठेवू नका, साल पाणी जाऊ देत नाही. सगळे एका लांबीचे कापा, टिपकागदाने हलके टिपा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन करा. प्रत्येक पात्रात तीन तुकडे टाका. दीड-दोन तासांनी काढून पुन्हा टिपा आणि तोला.

समजा ०.२ मोलरमध्ये वजन २.५० वरून २.५१ ग्रॅम झाले, म्हणजे ०.४ टक्के वाढ. ०.३ मोलरमध्ये २.४५ वरून २.३४ झाले, म्हणजे ४.५ टक्के घट. शून्य बदल या दोहोंमध्ये कुठेतरी आहे. वाढ आणि घट मिळून अंतर ४.९ टक्के, त्यातले ०.४ पार करायचे आहे. म्हणून ०.२ + ०.१ × (०.४ ÷ ४.९) = ०.२०८ मोलर. २७ अंशाला Ψw = −०.२०८ × २.४९ = −०.५२ मेगापास्कल. ग्रॅममधला फरक नव्हे तर टक्केवारीच मांडायची, कारण तुकडे सुरुवातीला सारख्या वजनाचे नसतात.

आलेख सरळ रेषेत येत नाही. प्रयोग फसला का?

दाट बाजूला रेषा आडवी होत जाते, ते बरोबरच आहे. रससंकोचन सुरू झाल्यावर भिंतीमागची जागा बाहेरच्या द्रावणाने भरते. पाणी गेले तरी त्याच्या जागी साखरेचे पाणी आले, म्हणून वजन पूर्वीइतके घटत नाही. म्हणूनच सगळ्या बिंदूंमधून एक सरळ रेषा ओढू नका. शून्याच्या दोन्ही बाजूंचे जवळचे दोन-तीन बिंदू घ्या.

सगळेच तुकडे थोडे जड निघाले तर टिपणे कमी पडले आहे. टिपताना सुरुवातीला आणि शेवटी दाब सारखा हवा, आणि दोन्ही वेळा एकाच हाताने टिपलेले बरे. तुकडे रात्रभर ठेवले आणि पाणी गढूळ व आंबूस झाले, तर पेशी मेल्या आहेत. मेलेल्या पेशीला पटल उरत नाही, म्हणून ते आकडे फेकून द्या.

कधी कधी दोन गटांची उत्तरे ०.२ मेगापास्कलने वेगळी येतात आणि दोघांची पद्धत बरोबर असते. तेव्हा बटाटे कुठले ते विचारा. थंड साठवणीत बटाट्यातल्या स्टार्चची शर्करा होते, रस दाट होतो आणि Ψs खाली जाते. माळव्यातला शेतातून नुकताच आलेला बटाटा आणि कोल्ड स्टोरेजमधून निघालेला बटाटा यांची तुलना करून चालत नाही.

तक्त्यात ०.४ मोलर साखरेचे Ψs −१.१२ आहे, सूत्राने २० अंशाला −०.९७ येते. तक्ता चुकला?

तक्ता मोजलेल्या आकड्यांचा आहे, सूत्र आदर्श द्रावणाचे. लिटरभर ०.४ मोलर द्रावणात साखरेनेच बरीच जागा घेतलेली असते आणि पाणी सुमारे ९१५ ग्रॅमच उरते. पाण्याच्या मानाने साखर म्हणून जास्त, सुमारे ०.४४ मोल प्रति किलो. त्यावर साखरेचे रेणू पाणी धरून ठेवतात, त्याने आणखी फरक पडतो. ०.१ मोलरपाशी हा फरक नगण्य असतो, ०.२ ला ०.०५ च्या आसपास आणि पुढे वाढत जातो. परीक्षेत सूत्र वापरा. प्रयोगाच्या वहीत तक्ता असेल तर तक्ता वापरा आणि तसे लिहा. अर्धे आकडे सूत्राचे, अर्धे तक्त्याचे असे करू नका.

Ψw मिळाले. आता Ψs आणि Ψp वेगळे कसे काढायचे?

Ψs साठी रससंकोचन जिथे सुरू होते ती जागा शोधायची, कारण तिथे Ψp शून्य असते. बटाट्याच्या पेशी रंगहीन असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली हे नीट दिसत नाही. कुंड्यांत लावतात त्या ऱ्हिओचे पान घ्या, ज्याची खालची बाजू जांभळी असते. खालच्या बाजूची पातळ साल सोलून वेगवेगळ्या द्रावणांत २०-३० मिनिटे ठेवा आणि काचपट्टीवरही त्याच द्रावणाचा थेंब घ्या, पाण्याचा नको. पाणी घातले तर पाहता पाहता पेशी पुन्हा फुगतात. प्रत्येक द्रावणात ५० पेशी मोजा आणि त्यांपैकी किती सुटल्या ते लिहा. ज्या संहतीला निम्म्या सुटलेल्या दिसतात, तिचे Ψs म्हणजे पेशीरसाचे Ψs.

इथे एक बारीक दुरुस्ती आहे. हे Ψs आक्रसलेल्या पेशीचे आहे. आपल्या उदाहरणात पेशीचे मूळ Ψs −०.८० होते, पण या पद्धतीने ०.३४ मोलर, म्हणजे −०.८५ मिळाले असते. तेच मूळ धरले तर Ψp = −०.५० + ०.८५ = ०.३५ येते, खरे असते ०.३०. मऊ भिंतीच्या ऊतीत ही चूक मोठी, ताठर भिंतीत लहान. आणि Ψw बटाट्याचे, Ψs ऱ्हिओचे घेऊन वजाबाकी करू नका. दोन्ही मोजमापे एकाच ऊतीवर हवीत.

साखर महाग पडते, मीठ वापरू का?

गणितात चालेल. मिठाचा i जवळजवळ २ आहे, म्हणून ०.१ मोलर मीठ ०.२ मोलर साखरेच्या जवळपास बसते. प्रत्यक्षात i सुमारे १.९ मिळतो. अडचण अशी की मिठाचे आयन हळूहळू पेशीत शिरतात. दोन तासांत आतला रस बदलतो आणि तुम्ही मोजता ती पेशी सुरुवातीची राहत नाही. काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटावे म्हणून मीठ उत्तम, प्रयोगाला साखर बरी.

घरातल्या जुन्या पुस्तकात जलविभव नाहीच, "डीपीडी" आहे. ते वेगळे प्रकरण आहे का?

हिशेब तोच, चिन्हे उलटी. जुनी पद्धत अशी: विसरण दाब तूट = परासरण दाब − स्फीती दाब. आपल्या पेशीसाठी ०.८० − ०.३० = ०.५०. ही तूट जितकी जास्त, तितके पाणी जास्त ओढले जाते. १९६० च्या सुमारास स्लॅटियर आणि टेलर यांनी मांडलेली जलविभवाची भाषा पुढे रूढ झाली, कारण माती, झाड आणि हवा तिन्हींना एकच मोजपट्टी लागली. जुने आकडे नव्यात आणायचे तर तुटीपुढे ऋण चिन्ह लावा: ०.५० ची तूट म्हणजे −०.५० चे जलविभव. जुन्या पुस्तकात एकक बहुधा वातावरण असते. एक वातावरण म्हणजे ०.१०१ मेगापास्कल.